सहा व्यंजनांची भाषा, शंभर व्यंजनांची भाषा

पापुआ न्यू गिनीच्या पूर्व टोकाला बोगनव्हिल नावाचं बेट आहे. त्याच्या मध्यभागातल्या डोंगराळ पट्ट्यात रोटोकास ही भाषा बोलली जाते. बोलणारे चार हजारांच्या आसपास. या भाषेची रोमन लिपीतली वर्णमाला बारा अक्षरांत संपते, आणि त्यातलंही एक अक्षर तसं पाहिलं तर जास्तीचं आहे, कारण ‘स’ हा तिथे ‘त’चाच अवतार आहे. ‘त’च्या पुढे ‘इ’ आली की उच्चार ‘स’कडे झुकतो, एवढंच. म्हणजे उरले अकरा ध्वनी: पाच स्वर आणि सहा व्यंजनं. जगातल्या नोंदवलेल्या भाषांत व्यंजनांची एवढी छोटी यादी दुसरी सहसा सापडत नाही.

सहा व्यंजनं म्हणजे काय, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. रोटोकास बोलणाऱ्याच्या तोंडून सहाच आवाज निघतात, असा याचा अर्थ नाही. तिथे थोडा वेळ कान देऊन बसलं तर ब, व, म, द, र, ल, न, ग असे कितीतरी आवाज ऐकू येऊ शकतात. प्रश्न असा असतो की यांतल्या कोणत्या दोन आवाजांची अदलाबदल केली तर शब्दच बदलतो. मराठीत ‘पाट’ आणि ‘बाट’ हे वेगळे शब्द, म्हणून प आणि ब ही आपल्याकडे दोन वेगळी खाती. भाषाशास्त्रात अशा खात्याला स्वनिम म्हणतात. रोटोकासमध्ये मात्र ओठांनी काढलेला ब, ओठांत घर्षण होऊन निघणारा व आणि नाकातून येणारा म हे तिन्ही एकाच खात्यात जमा होतात. एकाऐवजी दुसरा वापरला तरी शब्द तोच राहतो. दातांजवळच्या र, द, ल, न यांचं तेच, आणि पडजिभेकडच्या ग आणि ङ यांचंही तेच. म्हणून खाती भरतात ती अशी: अघोष प, त, क आणि त्यांच्या जोडीला सघोष व, र, ग.

आयर्विन आणि जॅकलिन फर्चो या दांपत्याने 1969 साली या भाषेच्या स्वनिमांचं वर्णन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यातली एक नोंद लक्षवेधी ठरली. रोटोकास लोकांच्या बोलण्यात म, न हे अनुनासिक ध्वनी क्वचितच ऐकू येतात. ते हमखास ऐकायचे तर परकी माणसं रोटोकास कशी बोलतात याची नक्कल चाललेली असावी लागते. म्हणजे म काढायला त्यांचं नाक आणि ओठ पूर्ण समर्थ आहेत. त्यांच्या भाषेने त्या आवाजाला स्वतंत्र काम दिलेलं नाही, इतकंच.

पुढची गोष्ट मला या विषयातली सर्वांत सुंदर तपासणी वाटते. रोटोकासचीच आयटा नावाची एक बोली आहे. स्टुअर्ट रॉबिन्सन या अभ्यासकाने 2006 मध्ये तिचं वर्णन छापलं. आयटामध्ये म, न आणि ङ यांना स्वतंत्र खाती आहेत, व्यंजनं सहाऐवजी नऊ. आता दोन शक्यता उरतात. एक अशी की मूळ भाषेत सहाच होती आणि आयटाने नंतर तीन वाढवली. दुसरी अशी की मूळ नऊ होती आणि वर वर्णन केलेल्या मध्य रोटोकास बोलीने तीन गमावली. यातलं खरं कोणतं, हे कसं ठरवायचं? दोन्ही बोलींतले तेच शब्द शेजारी ठेवून. मध्य रोटोकासच्या एकाच व-खात्यातल्या काही शब्दांना आयटामध्ये म मिळतो आणि काहींना ब किंवा व. आयटाने म नव्याने घडवला असता तर तो कुठे घडला याचं काही कारण शब्दात दिसायला हवं होतं: शेजारचा स्वर, शब्दातली जागा, काहीतरी. तसं कारण मिळत नाही. आजूबाजूचे ध्वनी पाहून कुठे म येईल आणि कुठे ब हे सांगता येत नसेल, तर तो फरक आधीपासून होता आणि एका बोलीने तो पुसला असंच मानावं लागतं. दोन रंग मिसळता येतात, मिसळलेले वेगळे करता येत नाहीत. जगातली सर्वांत छोटी व्यंजनयादी म्हणून जिच्याकडे बोट दाखवलं जातं ती अशी अलीकडच्या विलीनीकरणातून झालेली आहे. तिच्यात भाषेच्या बाल्यावस्थेच्या खुणा शोधणं चूक आहे.

आता ती सहा व्यंजनं पुन्हा पाहू. जागा तीन: ओठ, दात, कंठ. प्रत्येक जागी दोन तऱ्हा: अघोष आणि सघोष. तीन गुणिले दोन. एकही घर रिकामं नाही, एकही ध्वनी घराबाहेर नाही. मराठी वाचकाला हा तक्ता ओळखीचा वाटेल, कारण आपली वर्णमाला नेमकी अशाच तक्त्यात लिहिली जाते. क ते म हे पंचवीस वर्ण म्हणजे पाच जागा आणि प्रत्येक जागी पाच तऱ्हा: अघोष, अघोष महाप्राण, सघोष, सघोष महाप्राण, अनुनासिक. संस्कृतच्या प्राचीन ध्वनिशास्त्रज्ञांनी वर्णांना ही मांडणी दिली, ती पाठांतराच्या सोयीसाठी केलेली वाटली तरी ती ध्वनिव्यवस्थेचं खरं अंतरंग दाखवते. भाषा ध्वनी एकेक करून गोळा करत नाही. ती थोड्या हालचाली निवडते आणि त्यांचा गुणाकार करते. घोष ही एक हालचाल आली की ती एका व्यंजनाला न चिकटता सगळी ओळच दुप्पट करते. महाप्राणत्व आलं की पुन्हा दुप्पट.

तक्त्यात कुठे भोकं पडतात हेही यावरून कळतं. घोषासाठी स्वरतंतू थरथरत राहायला हवेत, त्यासाठी खालून वर हवा वाहत राहायला हवी. तोंड बंद असताना ती हवा मागच्या पोकळीत साठते. ब म्हणताना ती पोकळी ओठांपर्यंतची, म्हणजे ऐसपैस असते. ग म्हणताना जीभ अगदी मागे टेकलेली असते, पोकळी छोटी, ती चटकन भरते आणि थरथर थांबू पाहते. म्हणून ब, द असूनही ग नसलेल्या भाषा भेटतात. डच भाषेच्या स्वतःच्या शब्दांत ग नाही, थाई भाषेतही नाही. उलट अरबीत ब आहे पण प नाही. अशी भोकं कुठेही पडत नाहीत, शरीर जिथे अडतं तिथेच बहुधा पडतात.

हाच गुणाकार दुसऱ्या टोकाला नेऊ. बोट्स्वाना आणि नामिबियाच्या कोरड्या प्रदेशात ता नावाची भाषा बोलली जाते. जुन्या लेखनात तिचं नाव ǃXóõ असं दिसतं. त्यातलं उद्गारचिन्हासारखं दिसणारं अक्षर एका क्लिक ध्वनीचं आहे. बोलणारे काही हजारच. क्लिक ध्वनी आपल्याला परके नाहीत. हळहळ दाखवताना आपण जिभेने जो ‘च्च’ काढतो तो दंत्य क्लिक, आणि घोड्याला किंवा बैलाला पुढे हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतात तो पार्श्विक क्लिक. आपण ते शब्दाच्या आत वापरत नाही. ता भाषेत ते शब्दातलं पहिलं व्यंजन म्हणून येतात, आणि तिच्या शब्दसंग्रहातले बहुसंख्य शब्द क्लिकनेच सुरू होतात.

क्लिकमध्ये तोंडात दोन ठिकाणी एकाच वेळी अडसर असतो, एक पुढे आणि एक मागे. मधली हवा जीभ खाली ओढून विरळ केली जाते आणि पुढचा अडसर सोडला की टचकन आवाज होतो. पुढच्या अडसराच्या ता भाषेत पाच जागा आहेत: ओठ, दात, दंतमूळ, जिभेची कड आणि टाळू. त्याच वेळी मागचा अडसर, घसा आणि नाक मोकळे असतात, आणि त्यांना आपापली कामं करता येतात. घोष देता येतो, नाकातून हवा सोडता येते, महाप्राण करता येतो, घशात घर्षण करता येतं, कंठद्वार मिटून झटका देता येतो, आणि यांचे मेळही साधता येतात. अँथनी ट्रेल या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकाने या भाषेसाठी आयुष्याचा मोठा भाग दिला. त्यांच्या वर्णनात अशा साथी सुमारे सतरा निघतात. पाच गुणिले सतरा केले की ऐंशीवर नुसते क्लिक होतात. त्यात क्लिक नसलेली साधी व्यंजनं मिळवली की एकूण आकडा शंभराच्या पुढे जातो. इयन मॅडिसन यांनी भाषांच्या जागतिक ॲटलाससाठी केलेल्या मोजणीत तो 122 आहे.

पण त्याच भाषेची व्यंजनं 58 असल्याची मोजणीही आहे आणि 87 असल्याचीही. भाषा तीच, ध्वनिमुद्रणंही विश्वासार्ह. इतका फरक पडतो कुठे? क्लिकनंतर घशातलं घर्षण ऐकू आलं, तर ते सगळं मिळून एक व्यंजन की क्लिक आणि त्यापुढचं दुसरं व्यंजन अशी दोन, या प्रश्नापाशी. एक मानलं तर प्रत्येक मेळासाठी नवं खातं उघडावं लागतं. दोन मानलं तर खाती कमी होतात, मात्र व्यंजनांच्या जोडणीचे नियम वाढतात.

हा प्रश्न दूरच्या वाळवंटातला वाटत असेल तर मराठीकडे पाहावं. ‘म्हण’, ‘न्हावी’, ‘ऱ्हास’, ‘व्हावं’ यांच्या सुरुवातीला एक व्यंजन आहे की दोन? लिपी त्यांना जोडाक्षर म्हणून लिहिते. पण मराठी छंदशास्त्राचा कान वेगळं सांगतो. एरवी जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो आणि ते गुरू होतं. ‘पुस्तक’मधला ‘पु’ गुरू. ‘तुम्ही’मधला ‘तु’ आणि ‘कुऱ्हाड’मधला ‘कु’ मात्र लघूच मानतात, कारण तिथे आघात येत नाही. मागचं अक्षर जड होत नाही याचा अर्थ पुढे दोन व्यंजनं नाहीत, एकच आहे. वृत्तात कविता लिहिणाऱ्यांनी मात्रा मोजताना लावलेली ही कसोटी आजही स्वनिमशास्त्रातल्या चांगल्या कसोट्यांपैकी आहे. तिच्या आधारे म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह यांना स्वतंत्र खाती दिली की मराठीची व्यंजनसंख्या वाढते. लिपीवर विसंबून मोजली की कमी राहते. शिवाय ‘जग’ हे विश्व आणि ‘जग’ ही आज्ञा यांतला ज एकाच अक्षराने लिहिला जात असला तरी बोलण्यात वेगळा आहे, तोही मोजायचा असतो. म्हणून एखाद्या भाषेच्या व्यंजनांचा आकडा कुठे वाचला की आधी विचारावं, महाप्राण आणि जोड्या यांना मोजणाऱ्याने कसं धरलं?

स्वरांकडे वळलं की हा हिशेब आणखी खोल जातो. स्वर कमीत कमी किती असू शकतात, याचं प्रसिद्ध उदाहरण काकेशसमधलं. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावर आजच्या सोची शहराच्या परिसरात उबिख लोक राहत. 1864 मध्ये रशियाने काकेशस जिंकल्यावर त्यांना ओटोमन साम्राज्यात स्थलांतर करावं लागलं आणि तुर्कस्तानातल्या गावांत त्यांची भाषा हळूहळू विझत गेली. तेवफिक एसेन्च हे तिचे अखेरचे अस्खलित वक्ते. जॉर्ज द्युमेझिल आणि इतर अभ्यासकांबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 7 ऑक्टोबर 1992 रोजी ते वारले. उबिखमध्ये ऐंशीहून अधिक व्यंजनं होती आणि स्वर दोन: एक आखूड, ‘अ’सारखा, आणि एक अधिक उघडा, ‘आ’कडचा.

ध्वनिमुद्रणात मात्र इ, उ, ए, ओ हे सगळे ऐकू येतात. मग दोनच कसे? उबिखची अनेक व्यंजनं तीन तऱ्हांनी येतात: साधी, ओठांचा गोल करून म्हटलेली, आणि जीभ टाळूकडे उचलून म्हटलेली. गोल ओठांच्या क-नंतर तो आखूड स्वर आला की कानाला ‘कु’ ऐकू येतं. टाळूकडच्या क-नंतर तोच स्वर ‘कि’सारखा लागतो. उ आणि इ यांचा रंग व्यंजनाकडून स्वरावर सांडलेला असतो. कुणी म्हणेल, उलट का मानू नये, स्वर उ आहे आणि व्यंजनाचे ओठ त्याच्यामुळे गोल झाले? याला उत्तर आहे. तोच ओठांचा गोल पुढे उघडा स्वर आला तरी टिकतो आणि पुढे स्वर नसून दुसरं व्यंजन असलं तरी टिकतो. ज्या जागी स्वरच नाही तिथला गोलावा स्वराचा असू शकत नाही. म्हणून तो व्यंजनाच्या खात्यात जमा करायचा, आणि स्वरांकडे फक्त तोंड किती उघडं एवढाच फरक उरतो.

म्हणजे ऐंशी व्यंजनं आणि दोन स्वर या दोन वेगळ्या नवलाईच्या गोष्टी नाहीत. पुढे-मागे आणि ओठांचा गोलावा हे जे भेद मराठीत ‘कि’ आणि ‘कु’ यांच्या स्वरांकडे आहेत, ते उबिखने व्यंजनांकडे सोपवले. एका रकान्यातून रक्कम निघाली, दुसऱ्यात गेली.

उलट टोकाला जर्मनसारख्या युरोपी भाषा आहेत. मॅडिसन यांच्या मोजणीत, लांबी आणि नाकातला उच्चार बाजूला ठेवून नुसते स्वरांचे गुण मोजले तर जर्मनचे 14 भरतात, आणि त्यांच्या 564 भाषांत ते सर्वाधिक आहेत. ‘इ’च्या जागी जीभ ठेवून ओठ मात्र ‘उ’चे करायचे, असे स्वर तिथे आहेत. इथेही गुणाकारच. ओठ आणि जीभ यांची नेहमीची जोडी सोडवली की ओळ वाढते. सर्वाधिक आढळणारी संख्या मात्र पाच आहे. त्या 564 भाषांपैकी 188 भाषांत, म्हणजे बरोबर एकतृतीयांश भाषांत, पाच स्वर आहेत, आणि ते बहुधा आपल्या ओळखीचे इ, ए, आ, ओ, उ असतात. लिलियनक्रान्ट्स आणि लिंडब्लोम या स्वीडिश अभ्यासकांनी 1972 मध्ये संगणकावर एक आकडेमोड केली. तोंडात जेवढे स्वर शक्य आहेत त्यांच्या क्षेत्रात ठरावीक संख्येचे स्वर टाकायचे आणि ते एकमेकांपासून कानाला जास्तीत जास्त दूर राहतील अशा जागा शोधायच्या. तीन स्वरांना इ, आ, उ हे कोपरे मिळाले. स्वर वाढवत नेले तेव्हा पुष्कळशा भाषांत खरोखर दिसतात तशाच मांडण्या निघाल्या, काही ठिकाणी मात्र उत्तर वास्तवाशी जुळलं नाही. संख्या भाषेगणिक बदलते, पण ती कितीही असली तरी जागा बऱ्याच अंशी कान ठरवतो. मराठीच्या लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या असल्या तरी बोलण्यात इ आणि ई यांच्या लांबीवरून शब्द क्वचितच बदलतो. अ, आ, इ, उ, ए, ओ हे सहा, आणि इंग्रजी शब्दांबरोबर आलेले ॲ, ऑ, असा आपला मध्यम संसार आहे.

व्यंजनांचाही मध्य फार लांब नाही. मॅडिसन यांच्या 563 भाषांत सरासरी 23च्या किंचित खाली येते. सहा आणि 122 ही टोकं आहेत, बहुसंख्य भाषा विशीच्या आसपास. आणि व्यंजनं जास्त तर स्वर कमी असा नियम आकडेवारीत दिसत नाही. उबिखची देवाणघेवाण तिच्या घरापुरती खरी. ता भाषेत शंभरावर व्यंजनं असूनही स्वर भरपूर आहेत, कारण तिथल्या पाच मूळ स्वरांनाही नाकातून, श्वास सोडत, घसा आवळून म्हणता येतं.

मोठी यादी म्हणजे प्रगत भाषा किंवा छोटा समाज म्हणजे छोटी यादी, अशा समजुतीही इथे टिकत नाहीत. रोटोकास आणि ता या दोन्ही काही हजार माणसांच्या भाषा आहेत आणि त्या मोजपट्टीच्या दोन टोकांना बसल्या आहेत. 2011 मध्ये क्वेंटिन ॲटकिन्सन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक गाजलेला दावा मांडला. आफ्रिकेपासून जसजसं दूर जावं तसतशी भाषेतली स्वनिमांची विविधता कमी होते आणि त्यात मानवाच्या आफ्रिकेबाहेरच्या प्रवासाचा माग दिसतो, असा तो दावा होता. त्यासाठी 504 भाषांची आकडेवारी त्याच जागतिक ॲटलासमधून घेतली होती. टीका लगेच झाली. ॲटलासमध्ये व्यंजनं, स्वरगुण आणि सूर हे ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा ढोबळ गटांत दिले होते, आणि त्या गटांची सरासरी काढून विविधतेचा आकडा तयार केला होता. म्हणजे सूर असणं-नसणं हे दहापंधरा व्यंजनांइतकं वजन खाऊन जात होतं. मला त्याहून मोठी अडचण काळाची वाटते. अनुनासिकांची आख्खी ओळ शेजारच्या दोन बोलींपैकी एकीत टिकते आणि दुसरीत पुसली जाते. इतक्या लवकर बदलणाऱ्या गोष्टीत पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या स्थलांतराची खूण शिल्लक राहणं कठीण आहे.

यादी छोटी असण्याची किंमत मात्र मोजता येते, आणि ती शब्दाच्या लांबीत चुकवावी लागते. हवाईयन भाषेत आठ व्यंजनं आहेत आणि पाच स्वर, ऱ्हस्व आणि दीर्घ धरून दहा. अक्षर नेहमी स्वरान्त असतं आणि सुरुवातीला फार तर एक व्यंजन. संयुक्त स्वर सोडले तर एकूण शक्य अक्षरं नव्वद: आठ व्यंजनं किंवा व्यंजन नाही अशा नऊ सुरुवाती, गुणिले दहा स्वर. इतक्या थोड्या अक्षरांत सगळा शब्दसंग्रह बसवायचा तर एकाक्षरी शब्द लवकर संपतात आणि शब्द लांबत जातात. हवाईच्या राज्यमाशाचं नाव हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ असं आहे. डॅनियल नेटल यांनी 1995 मध्ये दहा भाषा तपासल्या, तेव्हा स्वनिम जास्त तिथे शब्द सरासरीने आखूड असं चित्र दिसलं होतं.

शब्द लांब म्हणून बोलणं वेळखाऊ होतं का, हा पुढचा प्रश्न. फ्रान्समधल्या कुपे, पेलग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये 17 भाषांतलं वाचन ध्वनिमुद्रित करून त्याचा वेग मोजला. जपानीसारख्या, साध्या अक्षरांच्या भाषा बोलणारे सेकंदाला जास्त अक्षरं उच्चारतात; व्हिएतनामीसारख्या, भरलेल्या अक्षरांच्या भाषा सावकाश बोलल्या जातात. अक्षरांचा वेग आणि प्रत्येक अक्षरातली माहिती यांचा गुणाकार केला की दर सेकंदाला पोचणारी माहिती सरासरी 39 बिटच्या आसपास येते. त्या 17 भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, आणि ता किंवा रोटोकास यांच्याइतकी टोकाची भाषाही नव्हती.